मदत हवी आहे: प्रेडनिसोलोन चालू असताना वडिलांची रोजची संध्याकाळची दारू

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. माझे वडील ६७ वर्षांचे असून आईबरोबर सांगलीत राहतात आणि मी पुण्यात असते. गेल्या मार्चपासून सकाळी उठताना त्यांचे दोन्ही खांदे आणि मांड्या इतक्या आखडत असत की सदरा घालायलाही आईची मदत लागत असे. रक्तातील ई.एस.आर., म्हणजे शरीरातील सूज दाखवणारा आकडा, ७८ इतका जास्त आला. संधिवाततज्ज्ञांनी पॉलिमायाल्जिया र्‍युमॅटिका असे निदान करून रोज सकाळी २० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केले आणि तिसऱ्याच दिवशी बाबा स्वतःहून गच्चीवर जाऊन आले. सध्या मात्रा १५ मिलिग्रॅमवर आली आहे. ती हळूहळू उतरवत साधारण वर्ष ते दीड वर्ष गोळी चालेल असे सांगितले आहे.

अडचण वेगळीच आहे. आजारापूर्वी बाबा शनिवारी किंवा कोणी पाहुणे आले तरच व्हिस्की घेत असत. गोळी सुरू झाल्यापासून त्यांना रात्री झोप लागत नाही आणि "दोन पेग घेतले की डोळा लागतो" म्हणून आता हा रोजचाच क्रम झाला आहे. डॉक्टरांनी दारूबद्दल काही विचारले नाही आणि बाबांनी आपणहून सांगितले नाही. त्यातही एखाद्या रात्री जास्त झाली तर दुसऱ्या दिवशी "दारू आणि स्टेरॉइड एकत्र नको" असे म्हणून ते सकाळची गोळी टाळतात. आईच्या लक्षात आल्याप्रमाणे असे आतापर्यंत तीन वेळा झाले आहे.

स्टेरॉइडमुळे पोटात व्रण होतात, हाडे ठिसूळ होतात आणि साखर वाढते असे मी ऐकून आहे, आणि दारूबद्दलही जवळपास हेच सांगितले जाते. दोन्ही एकत्र असता हा धोका नुसता बेरजेने वाढतो की त्याहून अधिक? घरच्या यंत्रावर बाबांची उपाशीपोटीची साखर १०४ ते १०८ येते, त्यामुळे "मला काही झालेले नाही" असे त्यांचे म्हणणे आहे. काळजी करण्यासारखे आहे का आणि असल्यास नेमके कशावर लक्ष ठेवावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

औषधपेढी

माझे जळगावला औषधांचे दुकान आहे, त्यामुळे हा प्रश्न काउंटरवर आठवड्यातून एकदा तरी येतोच. मेट्रोनिडॅझोल हे प्रतिजैविक घेताना दारू प्यायल्यास उलट्या आणि धडधड होऊ शकते म्हणून आम्ही ती कटाक्षाने बंद ठेवायला सांगतो. प्रेडनिसोलोनची दारूशी तशी थेट लढाई होत नाही. त्रास मुख्यतः आम्लपित्ताचा असतो. सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल ४० घ्यावी, अर्ध्या तासाने नाश्ता करून त्यावर प्रेडनिसोलोन घ्यावी, आणि दारू व गोळी यांत आठ-दहा तासांचे अंतर ठेवावे. तुमच्या वडिलांचे अंतर आपोआपच बारा तासांचे आहे. या वयात माणसाचा एवढाच विरंगुळा उरलेला असतो, त्यामुळे मी विशेष काळजी केली नसती.

वाऱ्यावरची_वरात_नाही

माझ्या भावाला दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप आहे. तो गेली नऊ वर्षे पंप ओढतो आणि लग्नकार्यात बियरही घेतो, पण त्याची हाडे, पोट आणि साखर सर्व उत्तम आहे. स्टेरॉइड म्हटले की लोक उगाच घाबरतात. घेतल्यावर चूळ भरली की झाले.

निवृत्त_फिजिशियन

पंपाची गोष्ट येथे लागू होत नाही. पंपातील औषधाची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि त्याचे काम मुख्यतः फुफ्फुसापुरतेच असते. येथे रोज १५ मिलिग्रॅम पोटावाटे जाऊन सर्व शरीरात पसरत आहेत.

थेट लढाई होत नाही, हे औषधपेढी यांचे म्हणणे बरोबर आहे. ही दोन रसायने एकमेकांशी भांडत नाहीत आणि प्रेडनिसोलोन घेणाऱ्याला दारूचा थेंबही वर्ज्य आहे असा नियमही नाही. मात्र याच कारणामुळे वेळेचे अंतर ठेवून काही साधत नाही. धोका गोळी आणि दारू पोटात एकमेकींना भेटण्याचा नाही; दोघी वेगवेगळ्या वेळी येऊन त्याच तीन ठिकाणी पोखरतात, हा आहे.

सर्वांत आधी ज्या गोष्टीने मी दचकलो ती सांगतो. गोळी टाळणे ताबडतोब थांबवा. तीन आठवड्यांहून अधिक काळ स्टेरॉइड घेतलेल्या माणसाच्या मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड, बनवणे जवळजवळ सोडून देऊ शकतात. अशा वेळी गोळी चुकली, किंवा जास्त दारूमुळे सकाळी उलटीत निघून गेली, तर रक्तदाब उतरणे, गळून जाणे, चक्कर येऊन पडणे असे प्रकार होऊ शकतात, आणि घरचे लोक त्याला "उतरली नाही अजून" असे समजून माणसाला झोपू देतात. बाबांना एवढेच समजावा की दोन्हींपैकी एक टाळायची असेल तर ती दारू आहे. झोपेसाठी गोळी सकाळी सातच्या सुमारास नाश्त्याबरोबर एकदाच घ्यावी. उशिरा घेतलेली किंवा दोन वेळांत विभागलेली मात्रा झोप अधिक बिघडवते, आणि दारूने लागलेली झोप पहाटे तीन-चारला मोडतेच.

साखरेबद्दल तुमची फसगत होते आहे आणि त्यात तुमचा दोष नाही. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनचा साखरेवरील जोर दुपारी आणि संध्याकाळी असतो. रात्रीतून तो ओसरतो, म्हणून उपाशीपोटीचा आकडा साजरा दिसतो. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि पुन्हा रात्रीच्या जेवणापूर्वी, असे चार दिवस मोजून येथे लिहा.

शेवटी दोन प्रश्न. बाबांचा "पेग" किती मिलिलिटरचा आहे? घरी पेला कोणी मोजत नाही, म्हणून ७५० मिलिलिटरची बाटली किती दिवस पुरते ते आईंना विचारा. आणि यांशिवाय ते दुसरी कोणती गोळी घेतात का? विशेषतः दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली? पोटाच्या बाबतीत माझ्या दृष्टीने खरा प्रश्न हाच आहे.

कृष्णाकाठ

डॉक्टरसाहेब, शनिवार-रविवार सांगलीला जाऊन आले. आईने विचारल्याबरोबर सांगितले की बाटली चार दिवसांत संपते. बाबा स्टीलच्या पेल्यात घेतात. मी खोकल्याच्या औषधाबरोबर येणाऱ्या टोपणाने त्यात पाणी भरून पाहिले, तर ते ज्या खुणेपर्यंत ओततात तेथे जवळजवळ ९० मिलिलिटर होतात. म्हणजे दोन पेग म्हणून आम्ही जे समजत होतो ती रोजची एक क्वार्टर आहे.

साखर: दुपारच्या जेवणानंतर २३६ आणि २२१, रात्रीच्या जेवणापूर्वी १९८ आणि २०७. उपाशीपोटी मात्र दोन्ही दिवस ११० च्या आतच.

आणि तुम्ही विचारले तेच सापडले. बाबांच्या चष्म्याच्या डब्यात अ‍ॅसिक्लोफिनॅक व पॅरासिटामॉल एकत्र असलेल्या गोळ्यांची पट्टी होती, दहापैकी सात संपलेल्या. गुडघ्यासाठी दिवसातून एक, कधी दोन घेतो म्हणाले. पँटोप्राझोल डॉक्टरांनी दिली होती, पण "पोटाचा काही त्रास नाही" म्हणून त्यांनी ती महिन्यापूर्वीच बंद केली आहे.

आणखी एक गोष्ट आई संकोचाने बोलली. दोन दिवसांपासून शौच काळे होते आहे. बाबा म्हणतात की टॉनिकमध्ये लोह आहे, त्यामुळे तसे होते. पोटात मात्र काहीही दुखत नाही.

निवृत्त_फिजिशियन

हा निरोप वाचताच आईंना फोन करा आणि बाबांना आजच डॉक्टरांकडे न्या. तपासणी होईपर्यंत वेदनाशामक आणि दारू पूर्ण बंद ठेवा, प्रेडनिसोलोन मात्र बंद करू नका. वेदनाशामक, दारू आणि प्रेडनिसोलोन या तिन्हींबद्दल तेथील डॉक्टरांनाही सांगा.

लोहामुळे होणारे शौच काळे-हिरवट पण घट्ट आणि एरवीसारखे असते. जठरातून रक्त गेलेले असेल तर ते डांबरासारखे चिकट, चकचकीत असते, त्याला एक विशिष्ट उग्र दुर्गंधी येते आणि पाणी ओतूनही ते भांड्याला धरून राहते. घरी एवढा फरक कळला तरी पुरे, पण अशा परिस्थितीत नुसत्या वर्णनावर मी कोणालाही घरी ठेवणार नाही. उभे राहताना चक्कर, थंड घाम, धडधड किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी असेल तर बाह्यरुग्ण विभागाची वाट न पाहता थेट तातडीच्या विभागात जावे.

"दुखत नाही" यावर विसंबू नका. स्टेरॉइड सूज दाबते, आणि सुजेबरोबर दुखणे व तापही दाबते. माझ्या नोकरीच्या काळात मी जठर फुटलेला एक रुग्ण पाहिला आहे, जो फक्त "पोट जड वाटते" एवढेच म्हणत होता आणि खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होता.

औषधपेढी

वेदनाशामकाचा उल्लेख पहिल्या प्रश्नात नव्हता, नाहीतर मीही तसे लिहिले नसते. पण मग पँटोप्राझोल नियमित घेतली असती तर हे सर्व टळले असते, हे तरी मान्य करावे लागेल.

निवृत्त_फिजिशियन

पोटापुरते बऱ्याच अंशी मान्य. एकट्या प्रेडनिसोलोनने व्रणाचा धोका लोक समजतात त्या मानाने थोडाच वाढतो. त्याच माणसाने सोबत डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखी गोळी घेतली की तो एकदम कितीतरी पट होतो. वेदनाशामक जठराचे संरक्षक आवरण पातळ करते, दारू त्या उघड्या जागी चरचरते, आणि स्टेरॉइड जखम भरू देत नाही. शिवाय दुखू न देता ती लपवते. धागाकर्तीने विचारले होते की ही बेरीज आहे की त्याहून अधिक. पोटाच्या बाबतीत उत्तर "त्याहून अधिक" असे आहे, पण त्यातला सर्वांत मोठा भागीदार व्हिस्की नसून चष्म्याच्या डब्यातील ती पट्टी आहे.

मात्र पँटोप्राझोल हाडे आणि साखर यांना वाचवत नाही. उलट ती वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत हाडे मोडण्याचे प्रमाण थोडे अधिक दिसते, त्यामुळे ती आवश्यक असेपर्यंतच द्यावी लागते.

दोन्ही_खुबे

मी डॉक्टर नाही, पण हाडांचा विषय निघाला म्हणून माझे लिहितो. वय ४४, राहणार डोंबिवली. २०२१ मध्ये कोविडसाठी मला रुग्णालयात आणि नंतर घरी मिळून पाच आठवडे स्टेरॉइड होते. बरे झाल्याच्या आनंदात दारूही भरपूर झाली, हे कबूल करतो. आठ महिन्यांनी जांघेत दुखू लागले. लोकलचे जिने चढताना आणि मांडी घालून बसताना ते अधिक व्हायचे. एक्स-रे काढला तो स्वच्छ आला, म्हणून मी चार महिने कंबरेचे व्यायाम करत बसलो. शेवटी एम.आर.आय. केल्यावर दोन्ही खुब्यांतील हाडांच्या गोलाकार टोकांचा रक्तपुरवठा तुटल्याचे कळले. आमचे अस्थिशल्यविशारद याला ए.व्ही.एन. म्हणतात, आणि अपघाताशिवाय होणाऱ्या ए.व्ही.एन.ची सर्वांत मोठी दोन कारणे स्टेरॉइड आणि दारू हीच आहेत असे ते म्हणाले. उजवा खुबा बदलला आहे, डावा सांभाळतो आहे. तुमच्या वडिलांना जांघेत दुखते का, एवढे नक्की विचारा.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. त्याच संध्याकाळी बाबांना दाखल केले. हिमोग्लोबिन १०.९ आले, जानेवारीतील तपासणीत ते १३.४ होते. दुसऱ्या दिवशी दुर्बिणीने पाहिले तेव्हा जठराच्या खालच्या भागात एक सेंटिमीटरपेक्षा लहान असा एक व्रण आणि आजूबाजूला खरचटल्यासारख्या जागा दिसल्या. रक्त वाहणे थांबलेले होते, त्यामुळे आत काही करावे लागले नाही. व्रणाला कारण होणाऱ्या एका जंतूसाठी नमुना घेतला असून त्याचा अहवाल यायचा आहे. पँटोप्राझोल आता दिवसातून दोनदा आहे, गुडघ्यासाठी फक्त साधी पॅरासिटामॉल, आणि प्रेडनिसोलोन चालूच ठेवली आहे.

साखरेसाठी सकाळच्या नाश्त्याबरोबर ग्लिक्लाझाइड सुरू केली आहे. तिसऱ्या रात्री बाबांचे हात थरथरत होते आणि घाम येत होता. परिचारिकेने साखर पाहिली तर १३०, म्हणजे ती उतरलेली नव्हती. तेव्हा कुठे त्यांनी दारूचे खरे प्रमाण स्वतःच्या तोंडाने सांगितले. दोन दिवस गोळ्या देऊन ती थरथर थांबवली. जांघेत दुखत नाही, मुद्दाम विचारले.

आता नवा पेच आहे. हाडांची घनता तपासण्यासाठी डेक्सा केली, त्यात खुब्याचा आकडा उणे २.१ आला. संधिवाततज्ज्ञांना हाडांसाठी आठवड्याची गोळी सुरू करायची आहे आणि पोटाचे डॉक्टर म्हणतात की व्रण भरेपर्यंत ती नको. बाबा दोघांच्या मध्ये बसून "मग दारूच बरी होती" म्हणतात.

निवृत्त_फिजिशियन

हातांची थरथर त्यांनी ओळखली हे फार बरे झाले. रोज क्वार्टर घेणाऱ्याची दारू एकाएकी थांबली की असे होऊ शकते, आणि माझ्या "पूर्ण बंद" या सल्ल्याबरोबर मी हे लिहायला हवे होते.

दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर आहेत. स्टेरॉइडने हाडांची झीज सर्वांत वेगाने पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते, त्यामुळे संधिवाततज्ज्ञांची घाई समजण्यासारखी आहे. उणे २.१ हा आकडा एरवी मी मध्यम म्हटला असता, पण स्टेरॉइड घेणाऱ्यांची हाडे त्याच घनतेला इतरांपेक्षा लवकर मोडतात. रोज तीन युनिटे किंवा त्याहून अधिक दारू असेल तर हाड मोडण्याच्या धोक्याच्या हिशेबात ती वेगळी धरली जाते. एक युनिट म्हणजे साधारण ८ ते १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क, आणि एक क्वार्टर म्हणजे साधारण ६० ग्रॅम, अर्थात त्या मर्यादेच्या दुप्पट किंवा अधिक. स्टेरॉइड आणि दारू दोन्ही हाड बनवणाऱ्या पेशींना मंद करतात, आणि दारू त्यावर माणसाला रात्री स्नानगृहाच्या वाटेवर पाडण्याचे कामही करते.

आठवड्याची गोळी म्हणजे बहुधा अ‍ॅलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅम. ती उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवे न होता राहावे लागते, कारण अन्ननलिकेत अडकली तर ती तेथेच भाजते. ताज्या व्रणावर ती न देण्याचा पोटाच्या डॉक्टरांचा आग्रह मला योग्य वाटतो. मधला मार्ग म्हणून वर्षातून एकदा शिरेतून देण्याच्या झोलेड्रोनिक आम्लाबद्दल दोघांनाही विचारा. ते जठराला शिवत नाही. त्यापूर्वी मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासावे लागते, आणि एखादा दात काढायचा असेल तर तो आधी उरकावा लागतो. यांपैकी काय निवडावे हे त्यांचे अहवाल पाहिल्याशिवाय मी सांगू शकत नाही.

ग्लिक्लाझाइडबद्दल एक सावधगिरी. या गोळीवर असताना न जेवता दारू घेतली, तर यकृत मद्यार्क जाळण्यात गुंतते आणि साखर सोडण्याचे विसरते. त्यातच रात्री प्रेडनिसोलोनचा जोर ओसरलेला असतो. मग पहाटे साखर ५० च्या खाली जाऊ शकते, आणि ते दृश्य हुबेहूब दारू चढल्यासारखे असते. प्रेडनिसोलोन १५ वरून १२.५, मग १० असे उतरेल तसतशी साखरेची गोळीही कमी करून मिळते का, हे प्रत्येक भेटीत विचारावे लागेल.

औषधपेढी

आमच्याकडे चिठ्ठी नसताना अ‍ॅसिक्लोफिनॅकची पट्टी मागायला येणाऱ्यांना "दुसरे काय चालू आहे" असे आम्ही क्वचितच विचारतो. उद्यापासून काउंटरवरच्या मुलाला निदान स्टेरॉइडबद्दल विचारायला सांगतो. बाकी, मात्रा ५ मिलिग्रॅमवर आल्यावर दसऱ्याला एखादा ३० मिलिलिटरचा पेग चालेल की नाही, याचे उत्तर डॉक्टरसाहेबांनी अजून दिलेले नाही.

निवृत्त_फिजिशियन

व्रण भरल्याचे दुर्बिणीने पाहिल्यानंतर आणि ग्लिक्लाझाइड बंद झालेली असल्यास, जेवणाबरोबर एखादा घेतला म्हणून मी एरवी अडवले नसते. मात्र ज्यांना दारू थांबवताना थरथर झाली आहे त्यांचा तो एक पेग एकच राहील का, हे मला माहीत नाही. ते त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून ठरवावे.

कृष्णाकाठ

बाबांना हे वाचून दाखवले. "एरवी" या शब्दावर ते बराच वेळ थांबले. क्रिएटिनिन आणि ड जीवनसत्त्वाचे नमुने आज सकाळी दिले आहेत आणि दंतवैद्यांची वेळ गुरुवारची मिळाली आहे. जंतूचा अहवाल आल्यावर येथे लिहीन.